शाळेची फी: फायनान्स कंपनीचे १२ हप्ते घ्यावेत की तिमाही भरावी?

सायली_चिंचवड | २ एप्रिल, रात्री १०:१४

नमस्कार. मुलगी यंदा पाचवीत जाईल. शाळेचं फीचं पत्रक आलंय. वर्षाची फी १,२०,००० रुपये आणि भरायचे तीन मार्ग दिलेत.

पहिला, १५ एप्रिलपर्यंत सगळी एकरकमी भरली तर ५ टक्के सूट, म्हणजे १,१४,०००. दुसरा, चार तिमाही हप्ते, प्रत्येकी ३०,०००. तारखा १० जून, १० सप्टेंबर, १० डिसेंबर, १० मार्च. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क. तिसरा मार्ग यंदा नवीन आहे. शाळेने एका फायनान्स कंपनीशी करार केलाय. दर महिन्याच्या ५ तारखेला १०,००० असे १२ हप्ते, पहिला ५ मे रोजी. व्याज शून्य. फक्त २ टक्के प्रोसेसिंग फी आणि त्यावर जीएसटी, मिळून २,८३२ रुपये सुरुवातीलाच.

आमच्याकडे एकरकमी एवढे पैसे नाहीत. दोघांचे पगार येतात, पण माझी कंपनी लहान आहे, पगार ७ ला होतो आणि कधी कधी १० उजाडते. अहो म्हणतात महिन्याला १०,००० सोपे पडतील, व्याजही नाही, सही करून टाकू. मला कुठेतरी खटकतंय पण नेमकं काय ते सांगता येत नाही. कुणी घेतलंय का असं?

रोहित८७ | २ एप्रिल, रात्री १०:५१

आम्ही दोन वर्षं घेतोय, काही त्रास नाही. शून्य व्याज म्हणजे शून्य. २,८३२ रुपये वर्षाचे, म्हणजे महिन्याला २३६. एवढ्यात डोक्याचा ताप जातो. शिवाय वेळेवर हप्ते गेले की सिबिल सुधारतं, पुढे घराचं कर्ज घेताना उपयोग होतो. माझं मत, घेऊन टाका.

माउली | ३ एप्रिल, सकाळी ७:२०

ताई, शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर राष्ट्रीयीकृत बँकेतूनच घ्या. व्याजावर १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ८०ई कलमाखाली पूर्ण वजावट मिळते आणि शिक्षण संपल्यावर परतफेड सुरू होते. माझ्या पुतण्याच्या इंजिनिअरिंगला आम्ही तसंच केलं.

हिशेबनीस | ३ एप्रिल, सकाळी ९:०५

माउली, पाचवीतल्या मुलीची फी आहे ही. ८०ई ची सवलत बारावीनंतरच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाला मिळते, शाळेच्या फीला नाही. शाळेच्या फीवर मिळते ती ८०सी, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तर, दोन मुलांपर्यंत आणि फक्त ट्यूशन फीच्या रकमेवर. बस, जेवण, डेव्हलपमेंट फी त्यात धरत नाहीत.

सायलीताई, मी एका शाळेत २२ वर्षं हिशेब पाहिले, आता निवृत्त आहे. असे करार शाळेच्या बाजूने पाहिलेत. फायनान्स कंपनी वर्षाची फी शाळेला सुरुवातीलाच देऊन टाकते, पण पूर्ण १,२०,००० देत नाही. आपली काही टक्के रक्कम कापून घेते. शाळेला ते परवडतं, कारण पैसे एकदम हातात येतात आणि वर्षभर पालकांना फोन करत बसावं लागत नाही. त्या कापलेल्या रकमेमुळे तुम्हाला व्याज ‘शून्य’ दिसतं. एकरकमी भरणाऱ्या पालकाला शाळा ५ टक्के सूट देते, तीच सूट इथे कंपनीला जाते. तुम्हाला ती मिळत नाही, वर प्रोसेसिंग फीही तुम्हीच देता.

सायली_चिंचवड | ३ एप्रिल, दुपारी १:४०

काका, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग माझ्यासाठी खरं व्याज किती धरायचं?

अनघा_प | ३ एप्रिल, रात्री ९:३२

मी पुण्यात एका एनबीएफसीमध्ये, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपनीत, हप्ते वसुलीच्या विभागात काम करते. तुमच्या शाळेशी करार असलेली कंपनी ती नाही. हिशेब असा करा.

तुमच्याकडे १,१४,००० असते तर तेवढ्यात वर्षाची फी संपली असती. ते नाहीत म्हणून तुम्ही आज २,८३२ देता आणि मग १२ वेळा १०,०००. यातून दर काढला तर वर्षाला साधारण १४.४ टक्के येतो. वैयक्तिक कर्जाच्या पातळीचा दर आहे हा.

पण कंपनी तुम्हाला केएफएस म्हणून कर्जाच्या मुख्य अटींचं जे पान देईल, त्यात एपीआर, म्हणजे कंपनीचे शुल्क धरून वर्षाचा दर, ४.४ टक्क्यांच्या आसपास दिसेल. ते खोटं नसेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्या आकड्यात प्रोसेसिंग फी धरावी लागते आणि ती धरलेली असेल. पण शाळेची हुकलेली सूट त्या पानावर येत नाही, कारण कंपनीच्या दृष्टीने कर्ज १,२०,००० चंच आहे. म्हणून ते पान वाचून दर ठरवू नका, शाळेचं पत्रक शेजारी ठेवून ठरवा.

आता तुमचा खरा प्रश्न. एकरकमी भरणं तुम्हाला शक्यच नाही, म्हणजे तुलना तिमाहीशी व्हायला हवी. तारखा मांडून बघते, उद्या लिहिते.

रोहित८७ | ३ एप्रिल, रात्री १०:०३

१४ टक्के कसे? १,२०,००० घेतले आणि १,२२,८३२ परत केले. २,८३२ भागिले १,२०,००० म्हणजे २.३६ टक्के होतात.

अनघा_प | ४ एप्रिल, सकाळी ८:१०

रोहित, तुम्ही १,२०,००० वर्षभर वापरत नाही. मे मध्ये १०,००० गेले, जूनमध्ये आणखी १०,०००. सरासरी काढली तर तुमच्या हातात वर्षभर साधारण निम्मीच रक्कम असते. त्यामुळे २.३६ चे जवळपास दुप्पट, ४.४ होतात. त्यात ६,००० ची सूट मिळवली की आकडा १४ वर जातो.

सायलीताई, आता तिमाहीशी तुलना. दोन्ही वेळापत्रकं शेजारी मांडली आणि मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

५ मे ला तुम्ही कंपनीला १०,००० देता. तिमाहीत तोवर एक रुपयाही द्यायचा नसतो. ५ जूनला तुमचे २०,००० गेलेले असतात. १० जूनला तिमाहीवाल्याने ३०,००० भरले, म्हणजे आता तुम्ही त्याच्यापेक्षा १०,००० मागे आहात. एवढंच तुम्हाला मिळालेलं कर्ज, आणि तेही २५ दिवसांसाठी, कारण ५ जुलैला तिसरा हप्ता जातो आणि दोघे बरोबरीत येता. ५ ऑगस्टला तुम्ही १०,००० पुढे. ५ सप्टेंबरला २०,००० पुढे. १० सप्टेंबरला पुन्हा १०,००० मागे. डिसेंबर आणि मार्चमध्येही हेच चक्र चालतं.

म्हणजे वर्षात चार वेळा २५-२५ दिवस तुम्ही १०,००० मागे असता, आणि चार वेळा महिनाभर तेवढेच पुढे. पुढे असता तेव्हा उसने तुम्हीच देत असता. वर्षाची बेरीज केली तर कंपनीने तुम्हाला काहीच उसनं दिलेलं नाही, उलट थोडेसे तुमचेच पैसे आधी गेले. आणि त्यासाठी २,८३२ रुपये.

तुम्हाला महिन्याला १०,००० बाजूला टाकायचे आहेत, ते पगाराच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खात्यात टाका. मे पासून सुरू केलं तर १० जूनला २०,००० जमलेले असतील आणि १०,००० कमी पडतील. तेवढी सोय एकदाच करायची. दर तिमाहीला तोच १०,००० चा फरक पुढे सरकत राहतो, वाढत नाही. एप्रिलच्या पगारातून ते बाजूला निघाले तर पुढे वर्षभर काही बघावं लागणार नाही.

सायली_चिंचवड | ४ एप्रिल, सकाळी ११:२५

अनघाताई, हे मी आत्ता कागदावर तारखा लिहून तपासलं. अगदी बरोबर आहे. अहोंनाही दाखवलं. ते म्हणाले, म्हणजे १०,००० च्या सोयीसाठी आपण २,८३२ देणार होतो.

पूर्वा_ठाणे | ४ एप्रिल, दुपारी ३:१५

आमच्या शाळेत तिमाही नाही, दोनच सत्रं आहेत. जूनमध्ये ६०,००० आणि नोव्हेंबरमध्ये ६०,०००. फायनान्सचा प्लॅन हाच, २ टक्केवाला. मग मलाही तेच लागू होतं का?

अनघा_प | ४ एप्रिल, सायंकाळी ६:५०

नाही पूर्वा, तुमचं गणित वेगळं आहे. १० जूनला दुसऱ्या पालकाने ६०,००० भरले आणि तुमचे हप्त्यांचे २०,००० गेले, म्हणजे ४०,००० चं खरं कर्ज. ते कमी होत होत ऑक्टोबरला शून्यावर येतं, नोव्हेंबरमध्ये ५०,००० वर चढतं आणि पुन्हा उतरत जातं. त्या सगळ्यावर २,८३२ म्हणजे वर्षाला १४ टक्क्यांच्या आसपास. महाग आहे, पण निदान काहीतरी मिळतंय. जूनमध्ये पुस्तकं, गणवेश, बसचे पैसे एकत्र येतात आणि दुसरीकडून स्वस्त पैसे मिळत नसतील तर घेणं चूक म्हणणार नाही. पतसंस्था किंवा सोनं तारण यांचा दर आधी विचारून बघा.

गोदाकाठ | ४ एप्रिल, रात्री ८:४४

आमचा अनुभव सांगतो, थोडा वेगळा आहे. निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. आमचे पैसे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात, तेही व्यापाऱ्याने वेळेवर दिले तर. मुलगा नाशिकला शाळेत. काही वर्षांपूर्वी असाच मासिक हप्त्यांचा प्लॅन घेतला, कारण शाळेतल्या माणसाने सगळे घेतात म्हणून सांगितलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर आमच्याकडे छाटणी, औषधं, मजुरी यांतच पैसा जातो. तीन महिने लागोपाठ हप्ते परत गेले. प्रत्येक वेळी कंपनीचा दंड वेगळा आणि आमच्या बँकेने कापलेले वेगळे.

त्यानंतर एप्रिलमध्ये एकरकमी भरायला लागलो. सूटही मिळते. पण मागच्या वर्षी अवकाळीने माल गेला, व्यापाऱ्याचे पैसे थकले, सूट हुकली आणि तिमाहीवर यावं लागलं. जूनचे ३०,००० ऑगस्टच्या मध्यावर भरले. ६२ दिवसांचे दिवसाला ५० प्रमाणे ३,१०० रुपये विलंब शुल्क गेलं. तेही जिवावर आलं.

हिशेबनीस | ४ एप्रिल, रात्री ९:३०

दादा, ३०,००० वर दोन महिन्यांचे ३,१०० म्हणजे वर्षाचा हिशेब केला तर ६० टक्क्यांच्या वर जातं. दिवसाला ५० ऐकायला किरकोळ वाटतं. आमच्या शाळेतही हेच होतं. पण जे पालक तारखेच्या आधी येऊन लेखी अर्ज देत, त्यांना मुख्याध्यापक बहुतेक वेळा महिनाभराची मुदत देत आणि विलंब शुल्क लावत नसत. तारीख उलटल्यावर आलेल्याला सवलत देणं आम्हाला अवघड जायचं, कारण नोंद झालेली असायची.

रोहित८७ | ४ एप्रिल, रात्री १०:१२

तिमाहीबाबत अनघाताईंचं पटलं. पण उशिराचं मात्र उलट आहे ना? शाळा दिवसाला ५० घेते, कंपनी थकलेल्या रकमेवर महिन्याला ३ टक्के. १०,००० वर ३ टक्के म्हणजे महिन्याला ३००, दिवसाला १० रुपये. उशीर होणाऱ्यासाठी कंपनी स्वस्त पडते.

अनघा_प | ५ एप्रिल, सकाळी ७:५५

रोहित, ते दिवसाला १० बरोबर आहेत, पण फक्त तेवढंच लागत नाही. हे मी रोज बघते म्हणून सविस्तर लिहिते.

समजा सायलीताईंचा पगार १० ला झाला. ५ ला मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याचा आदेश, बँकेत गेला, खात्यात पैसे नाहीत, परत आला. कंपनीचा बाउन्स चार्ज समजा ५००. ताईंच्या स्वतःच्या बँकेनेही परत गेल्याचे कापले, जीएसटी धरून २९५ धरू. आता कंपनी पुष्कळदा त्याच महिन्यात मॅन्डेट पुन्हा लावते, समजा ८ तारखेला. पगार अजून नाही. पुन्हा ५०० आणि पुन्हा २९५. वर पाच दिवसांचे दंडाचे ५०. एकूण १,६४० रुपये, १०,००० च्या हप्त्याला पाच दिवस उशीर झाला म्हणून. शाळेत तेवढ्याच दिवसांचे २५० झाले असते.

म्हणजे थोड्या दिवसांचा उशीर शाळेत स्वस्त आणि कंपनीत महाग. लांबला तर शाळेचं मीटर चालूच राहतं, जसं गोदाकाठ दादांचं झालं. पण कंपनीकडे दोन महिने लांबला तर मधले हप्तेही थकतात, ते वेगळे बाउन्स होतात, आणि सगळं सिबिलमध्ये जातं. कंपन्या आता महिन्यातून एकाहून जास्त वेळा माहिती पाठवतात, त्यामुळे थकलेला हप्ता नोंदीत लवकर दिसतो. शाळेचं विलंब शुल्क तिथे जात नाही. तुम्ही म्हणालात हप्त्यांनी सिबिल सुधारतं, ते वेळेवर गेले तर. ज्यांचा पगार मागेपुढे होतो त्यांच्यासाठी ते नुकसानीचंच ठरतं.

एक मात्र तपासून घ्या. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांत दंड हा दंड म्हणूनच लावायचा आहे, व्याजात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. स्टेटमेंटमध्ये दंडाची रक्कम मुद्दलात मिळवलेली दिसली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्यांचं नाव आणि नंबर केएफएसमध्ये असतो.

सायली_चिंचवड | ५ एप्रिल, सकाळी १०:३०

मला खटकत होतं ते हेच असावं. ५ तारीख. मी शाळेत विचारलंही होतं की १२ तारीख मिळेल का. म्हणाले, सगळ्यांना ५ च आहे.

शारजाकर | ५ एप्रिल, दुपारी १२:०५

इथे शारजात वर्षाची तीन सत्रं असतात आणि पुष्कळ शाळा पुढच्या तारखांचे धनादेश आधीच घेऊन ठेवतात. धनादेश परत गेला तर शाळेचा दंड, बँकेचा दंड आणि वर मनस्ताप. मी सगळ्या तारखा पगारानंतरच्या तिसऱ्या दिवशी मागून घेतल्या. शाळेने आधी नाही म्हटलं, लेखी अर्ज दिल्यावर ऐकलं. तुमच्याकडेही लेखी मागून बघा.

निलेश_वाकड | ५ एप्रिल, दुपारी ४:२०

मला दुसरीच भीती वाटते. समजा कुणी हा प्लॅन घेतला आणि ऑक्टोबरमध्ये बदली झाली, मूल दुसऱ्या शाळेत गेलं. माझ्या बहिणीचं असंच झालं. कंपनीने वर्षाचे पैसे शाळेला आधीच दिलेले. शाळा म्हणाली परताव्याचं बघू. तिच्या खात्यातून मात्र हप्ते जातच राहिले. तिमाही असती तर डिसेंबरचे पैसे भरलेच नसते.

अनघा_प | ५ एप्रिल, सायंकाळी ७:१५

ही भीती रास्त आहे. कर्जाचा करार तुमचा आणि कंपनीचा असतो. शाळेने काय केलं, परतावा दिला की नाही, यावर तुमचा हप्ता थांबत नाही. काही करारांत शाळा परतावा थेट कंपनीला देईल असं लिहिलेलं असतं, काहींत नसतं. सही करण्याआधी हे कलम शोधा. आणि सही केलीच असेल तर लगेच बाहेर पडण्याची मुदत असते, ऑनलाइन कर्जाला किमान एक दिवस. त्यात मुद्दल परत केलं की सुटका होते, फक्त प्रोसेसिंग फी कंपनी ठेवू शकते, जर तसं आधी सांगितलेलं असेल.

हिशेबनीस | ५ एप्रिल, रात्री ८:००

बदली होऊन शाळा सोडणाऱ्यांनी दाखल्याची काळजी करू नये. आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकांनी ताबडतोब द्यायचा आहे, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्येच तसं आहे. परताव्याचा वाद वेगळा चालवा, दाखला त्यात अडकू देऊ नका.

निलेश_वाकड | ५ एप्रिल, रात्री ८:२५

काका, आणि हे दिवसाला ५० रुपये? ते शाळेला हवं तसं लावता येतं का? २०११ च्या शुल्क नियमन कायद्यात फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जाते ना.

हिशेबनीस | ५ एप्रिल, रात्री ९:१०

फी जाते. विलंब शुल्क आमच्या शाळेत समितीपुढे कधी आलं नाही, कार्यालयच ठरवायचं. माझ्या मते ते समितीपुढे ठेवायला हवं, कारण ते पालकांच्याच खिशातून जातं.

पूर्वा_ठाणे | ५ एप्रिल, रात्री ९:४०

आमच्या समितीत मी आहे. तिथे आम्हाला सांगितलं की विलंब शुल्क म्हणजे फी नव्हे, त्यामुळे तो विषय तुमचा नाही. मी पुढच्या बैठकीत हे लेखी मागणार आहे.

रोहित८७ | ६ एप्रिल, सकाळी ८:४८

माझे यंदाचे शून्य व्याजाचे १२ हप्ते ५ मे पासून सुरू होणार, फी भरून झालीय. घरून एकरकमी पैसे मिळतायत. आता कर्ज बंद केलं तर काही वाचेल का?

अनघा_प | ६ एप्रिल, सकाळी ९:३०

एक दिवसाची मुदत उलटली असेल तर काहीच वाचणार नाही. तुमचा सगळा खर्च प्रोसेसिंग फीत आणि हुकलेल्या सुटीत आधीच होऊन गेलाय, पुढच्या हप्त्यांत व्याज नाहीच. उलट मुदतपूर्व बंद करण्याचं शुल्क आहे का ते बघावं लागेल. ते पैसे त्याच बँकेत वेगळ्या खात्यात ठेवा आणि हप्ते त्या खात्यातून जाऊ द्या, म्हणजे बाउन्सची भीती राहणार नाही. आणि शाळेत एकदा विचारा, की १५ एप्रिल अजून गेलेली नाही, कंपनीला पैसे परत करून एकरकमीची सूट घेता येईल का. एखादी शाळा करते.

गोदाकाठ | ६ एप्रिल, दुपारी १:१०

अनघाताई, एक विचारतो. यंदा माल बरा गेलाय. १,१४,००० आत्ता देऊ शकतो. पण औषधांच्या दुकानदाराची उधारी आहे, तो महिन्याला दीड टक्का लावतो. आधी कुठे भरू?

अनघा_प | ६ एप्रिल, सायंकाळी ६:०५

दादा, तुमच्या शाळेच्या तारखा आणि सूट सायलीताईंसारखीच असेल असं धरते. एप्रिलमध्ये एकरकमी भरून मिळणारे ६,००० म्हणजे तिमाहीच्या तुलनेत वर्षाला साधारण ९.७ टक्के. मुदत ठेवीत पडून असलेल्या पैशांतून फी भरत असाल तर एकरकमीच चांगलं. पण दुकानदाराचा दीड टक्का म्हणजे वर्षाला १८. आधी ती उधारी, मग उरलेल्यातून जूनची तिमाही. फक्त तिमाहीच्या चारही रकमा आत्ताच बाजूला काढून ठेवता आल्या तर बघा, कारण सप्टेंबर आणि डिसेंबरला तुमच्याकडे पैसे नसतात हे तुम्हीच लिहिलंय.

गोदाकाठ | ६ एप्रिल, रात्री ८:३०

तीच अडचण आहे. बाजूला काढलेले छाटणीला जातात. घरी बोलून बघतो.

सायली_चिंचवड | ८ एप्रिल, रात्री ९:५५

आज शाळेत जाऊन आलो. तिमाहीचा फॉर्म भरला. सोबत लेखी अर्ज दिला की माझा पगार कधी १० ला होतो, म्हणून चारही तारखा १५ कराव्यात. हिशेब विभागातल्या बाईंनी अर्जावर पोच दिली, उत्तर पुढच्या आठवड्यात देतो म्हणाल्या. बँकेत मुलीच्या नावाने वेगळं खातं उघडलंय, ११ तारखेला १०,००० जाण्याची सूचना लावलीय. एप्रिलचे १०,००० यंदा उन्हाळ्यात कोकणात जायचे ठेवले होते, त्यातून काढले.

निघताना बाहेर दोन पालक फायनान्सच्या टेबलापाशी सही करायच्या रांगेत होते. त्यांना मी माझा तारखांचा कागद दाखवला. एकजण थांबले आणि फोटो काढून घेतला. दुसऱ्या ताई म्हणाल्या, आमच्या मोठ्याच्या शाळेत तर वर्षाची फी जूनमध्ये एकदमच लागते, तिथे काय करायचं?

पूर्वा_ठाणे | ८ एप्रिल, रात्री १०:२०

त्यांना इथे यायला सांगा. सूट किती आणि हप्त्यांची पहिली तारीख कोणती, हे दोन आकडे घेऊन यायला सांगा.